छपाईला जाण्याआधी पत्रक कसं तपासता? (दर, तारखा, फोन नंबर, शुद्धलेखन)

आज सकाळी पेपरातून फराळाचं एक पत्रक पडलं. फोन नंबरावर पांढरी पट्टी चिकटवून वर नवा नंबर छापलेला. हजारो पत्रकांवर हातानं पट्ट्या लावायचं काम किती जीवघेणं असतं ते आठवलं, म्हणून हा धागा. प्रेसला फाइल देण्याआधी तुम्ही काय, कोणत्या क्रमानं बघता ते लिहा. बारीकसारीक असलं तरी चालेल.

माझ्यापासून सुरुवात करते. सगळं एकाच वाचनात तपासायचं नाही. पहिल्या फेरीत फक्त फोन नंबर, दुसरीत दर, तिसरीत तारीख-वार, आणि मजकूर सर्वांत शेवटी. मजकूर आधी घेतला की डोळे वाक्यात रमतात आणि आकडे नुसते "दिसतात", वाचले जात नाहीत. प्रत्येक फेरीला वेगळ्या रंगाचं पेन घ्या. तपासलेल्या आकड्यावर टिंब द्यायचं. टिंब नसलेला आकडा म्हणजे न पाहिलेला आकडा.

फोन नंबर कागदावरूनच लावून बघायचा. मोबाइलमध्ये साठवलेल्या नावावर टिचकी मारली तर तपासणी झालीच नाही. छापील प्रूफ समोर ठेवून एकेक अंक दाबा आणि ज्या माणसाकडे फोन वाजायला हवा त्याच्याकडेच वाजतोय ना, ते बघा. पुढच्या आणि मागच्या बाजूचा नंबर वेगवेगळा लावा, "तोच आहे" म्हणून सोडू नका.

– अनघा

कागदकाम: नंबर वाचून दाखवताना "एकोणसत्तर, एकोणऐंशी" असं जोडीनं वाचू नका. समोरचा चुकीचं ऐकतो. सहा, नऊ, सात, नऊ असं सुटं वाचायचं. एकानं मूळ चिठ्ठीवरून वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवायचं. मग उलट, प्रूफवाल्यानं वाचायचं. सर्वांत जास्त चूक सलग सारखे अंक आले की होते. तीन साताचे दोन होतात किंवा चार. म्हणून आधी दहा अंक मोजा. लँडलाइन असेल तर एसटीडी कोड धरून मोजा: पुणे ०२० आणि पुढे आठ, नाशिक ०२५३ आणि पुढे सात.

सुलभा_ठाणे: अनघाताई, क्रम पटला. पण दर आधी घ्यावेत असं माझं मत. नंबर चुकला तर फोन येत नाहीत. दर चुकला तर फोन येतात आणि भांडण होतं.

हिशेबनीस: दरांचं उदाहरणच देतो. फराळाच्या तक्त्यात पाव किलो, अर्धा किलो, एक किलो असे तीन रकाने असतात. समजा चकली १३०, २५०, ४८०. पावला चारनं गुणलं तर ५२०, अर्ध्याला दोननं गुणलं तर ५००, आणि किलो ४८०. म्हणजे पाकीट मोठं होत जातं तसा किलोचा भाव उतरत जातो. प्रत्येक ओळ अशी करून बघा. शंकरपाळे अर्धा किलो २१० आणि किलो ४५० दिसलं की थांबायचं, कारण दोन अर्धे घेतले तर ४२० ला मिळतात आणि एक किलो ४५० ला. इथे ४०५ चं ४५० झालेलं असतं.

दुसरं म्हणजे फराळ पेटी. चकली २५०, चिवडा २००, शंकरपाळे २१०, बेसन लाडू ३००, करंजी ३१०, सगळे अर्धा किलो. बेरीज १२७०. पेटी ११५०, म्हणून "१२० रुपयांची बचत". आता चकली गेल्या वर्षी २४० होती आणि तक्त्यात तेवढीच बदलली, तर खाली "११० रुपयांची बचत" तशीच राहते. एक दर बदलला की तक्ता, पेटीची बेरीज, बचत आणि वरचं मोठ्या अक्षरातलं "अमुक रुपयांपासून" अशा चार जागा बघाव्या लागतात. "पासून"चा आकडा तक्त्यातला सर्वांत लहान आकडाच हवा.

आणि बेरीज जुळली नाही तर फरकाला ९ नं भागून बघा. शेष शून्य आली तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटे पडलेत. ४५० आणि ४०५ मधला फरक ४५. हिशेबाच्या वह्या तपासणारे हीच युक्ती वापरतात.

मीनल: वा, ९ ची युक्ती लिहून ठेवली 👌 बेसन लाडू ३०० ला अर्धा किलो, साजूक तुपातले का?

हिशेबनीस: उदाहरण आहे हो :) पण तो प्रश्न पत्रकात यायलाच हवा. "साजूक तुपातील" हे एकाच ओळीपुढे आहे की सगळ्या तक्त्याला लागू, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. तसंच "जीएसटीसह" की "जीएसटी वेगळा".

राजू_प्रिंट: लॅमिनेशन करायचं का नाही ते पण सांगा. आणि कागद कुठला?

कागदकाम: राजू, धागा प्रूफ तपासण्याचा आहे. पेपरातून वाटायचं असेल तर ९० जीएसएम आर्ट पेपर पुरे, लॅमिनेशन नको. पण एक संबंध आहे. पातळ कागदावर गडद रंगाच्या पट्टीत बारीक पांढरी अक्षरं ठेवली तर शाई भरून अनुस्वार बुजतात. "सोमवारी बंद" चं "सोमवारी बद" होतं. पडद्यावर हे कधीच दिसत नाही. म्हणून प्रूफ लेझर प्रिंटरवर खऱ्या मापात काढा. प्रिंट काढताना "पानात बसवा" असा पर्याय चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर ए-५ चं पत्रक ए-४ वर फुगून येतं आणि सगळं छान वाचता येतं.

प्रसाद_के: तारखांना सोपा उपाय आहे. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या. वार एकनं पुढे सरकतो, झालं.

अनघा: प्रसाद, तसं तारीख तीच असेल तर होतं. लीप वर्षाची २९ फेब्रुवारी मध्ये आली तर दोननं सरकतो. आणि दिवाळीत तारीख तीच नसतेच. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. जुन्या फाइलमध्ये "२६ ऑक्टोबर, शनिवार रोजी घरपोच" असेल आणि फक्त आकडा बदलून १६ केला, तर "१६ ऑक्टोबर, शनिवार" छापून येईल. त्या दिवशी गुरुवार होता. वार प्रत्येक वेळी कॅलेंडरवर बोट ठेवून बघायचा.

जुन्या फाइलवर काम करताना मी पानावरचा प्रत्येक आकडा आधी "००" करते आणि मग नव्या चिठ्ठीवरून भरते. एखादा राहिला तर ०० म्हणून ओरडून दिसतो. जुना खरा आकडा मात्र मुकाट्यानं छापून जातो.

सुलभा_ठाणे: ०० ची कल्पना फार आवडली. २०२५ लाच लक्ष्मीपूजन २० की २१ यावर केवढा गोंधळ होता, आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांत २१ होतं, बाहेर अनेक ठिकाणी २०. म्हणून "लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी" असं नुसतं लिहू नये, तारीख आणि वार दोन्ही द्यावं. "१२ तारखेपर्यंत" मध्ये १२ धरायची का, हेही लोक विचारतात. "रविवार १२ ऑक्टोबर, रात्री ८ वाजेपर्यंत" लिहिलं की फोन वाचतात. "रात्री १२ पर्यंत" तर मुळीच नको.

न्यूजर्सीकर: आमच्याकडे मंडळाच्या पत्रकात १०/११ लिहिलं की निम्मे लोक ऑक्टोबरला येतात, निम्मे नोव्हेंबरला. महिना अक्षरात लिहायचा हा नियम केलाय. इथे चकलीची भाजणी चांगली कुठे मिळते कुणाला माहितीये का?

मीनल: व्यनि करते.

प्रसाद_के: शुद्धलेखनाचं काय मग? युनिकोडमध्ये टाइप केलं तर शोधा-बदला वापरून सगळं एका क्लिकमध्ये सारखं होतं की.

जुना_डीटीपीवाला: अर्धंच खरं आहे. युनिकोडमध्ये दिसायला एकच शब्द आतून वेगळा असू शकतो. "ऑर्डर" मधला ऑ कुणी एका अक्षरानं टाइप करतं, कुणी आ वर चंद्र देऊन. "ॲडव्हान्स" चा ॲ तसाच, दोन-तीन प्रकारे येतो. "दुसऱ्या" मधला अर्धा र पण दोन प्रकारे. एक प्रकार शोधलात तर दुसरा सापडत नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळे बदलले. शिवाय काही फाँटमध्ये दुसरा प्रकार फुटून दिसतो. चार जणांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर एकत्र चिकटवला की हमखास होतं.

म्हणून कागदाच्या कोपऱ्यात शब्दयादी करा. फराळाच्या पत्रकाला दहा शब्द पुरतात: अनारसे की अनरसे, शंकरपाळे की शंकरपाळी, करंजी की करंज्या, किलो की कि. वगैरे. एक रूप ठरवायचं आणि प्रत्येक शब्द पानावर डोळ्यांनी शोधून खूण करायची. दुकानाचं नाव यादीत पहिलं. पाटीवर, बिलावर, पत्रकात तीन तऱ्हा असतात. मालक सांगेल ती खरी, व्याकरण काहीही म्हणो.

हिशेबनीस: नावाला ठीक. पण "उच्च प्रतिचे" मालकानं सांगितलं म्हणून छापायचं? "प्रतीचे" हवं.

जुना_डीटीपीवाला: तिथे मी सांगतो, दुरुस्त करून दाखवतो, आणि तरी नको म्हणाले तर तसं लेखी घेतो. यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक भेटलेत.

अजून एक, हे जास्त महत्त्वाचं. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली फाइल प्रेसवर उघडली आणि फाँट नसेल तर अक्षरांचा कचरा होतो, तो निदान दिसतो. रुपयाचं चिन्ह मात्र फसवतं. ते २०१० ला आलं, त्याआधीच्या फाँटमध्ये नाहीच, मग तिथे चौकोन येतो किंवा जागा रिकामी. "रु." लिहा, प्रश्न मिटला. कोरलमध्ये शेवटी सगळं सिलेक्ट करून `Ctrl+Q` नं कर्व्ह करतात, त्यानंतर अक्षरं म्हणजे नुसती चित्रं, बदलता येत नाहीत. म्हणून कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावानं जपा. नावात "फायनल" नको, तारीख आणि वेळ घाला.

आणि कर्व्ह करायच्या आधी मजकुराच्या चौकटी बघा. एक शब्द वाढवला की शेवटची ओळ चौकटीखाली जाऊन गायब होते. ती बहुतेक वेळा पत्त्याची किंवा "अटी लागू" ची असते. दुरुस्ती केली की तेवढा शब्द बघून थांबू नका, ती सगळी चौकट पुन्हा वाचा आणि शेवटची ओळ मूळ चिठ्ठीशी जुळवा.

राजू_प्रिंट: गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो बघून ओके म्हणतं, मग चूक कुणाची? पैसे कोण देणार?

कागदकाम: फोटो म्हणून पाठवलं की दाबला जातो, बारीक अक्षरं धूसर होतात. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि शक्य असेल तर कागदी प्रूफवर "छापण्यास हरकत नाही", सही, तारीख घ्या.

सुलभा_ठाणे: सहीनंतरही नंबर चुकला तर अर्धा खर्च प्रेसनं सोसावा असं मला वाटतं. आकडा त्यांनीही बघायला हवा.

राजू_प्रिंट: ताई, आम्हाला काय माहीत त्यांचा नंबर कुठला :(

अनघा: राजू, फाइल आल्यावर प्रेसवाल्यानंही कागदावरून एकदा फोन लावावा, मिनिटभराचं काम आहे. क्यूआर कोड असेल तर तोही प्रूफवरूनच स्कॅन करून पैसे घेणाऱ्याचं नाव काय येतं ते बघावं. गेल्या वर्षीचा कोड राहिला तर पैसे दुसऱ्याच खात्यात जातात. पैसे कुणी द्यायचे यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

मीनल: अनारसे वजनावर लिहायचे की नगावर? आमच्या पत्रकात यावरूनच अडलंय, उद्या प्रेसला जायचंय.

हिशेबनीस: नगावर लिहिलंत तर एका नगाचं अंदाजे वजन शेजारी द्या. आणि मग पेटीत किती नग ते लिहायला विसरू नका, पेटीची बेरीज पुन्हा करा.