पट्टीवर ‘निल’, तरी किडनी बिघडलेली

"लघवीत प्रोटीन निल आलंय, म्हणजे मायलोमाचा किडनीवर परिणाम नाही ना?"

नाही, तसं धरून चालू नका. लघवीत बुडवायची ती रंग बदलणारी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे एकच प्रोटीन ओळखते. मायलोमा हा अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर; त्या पेशी अर्धवट अँटिबॉडी, म्हणजे सुट्या लाइट चेन, भरमसाट बनवतात आणि त्या पट्टीला जवळजवळ दिसतच नाहीत. आकाराने लहान असल्याने त्या किडनीच्या गाळणीतून सहज खाली उतरतात, पुढे नलिकेत तिथल्याच एका प्रोटीनला चिकटून घट्ट बुचं तयार होतात आणि नलिका तुंबतात.

माझ्या काकांचं हेच झालं. पाठदुखी म्हणून चार महिने वेदनाशामक गोळ्या चालू होत्या (त्यांनी किडनीवर आणखी भार टाकला, हे नंतर कळलं). रक्तातलं क्रिएटिनिन ३.४, म्हणजे किडनी बिघडलेली, पण पट्टी निल. एका डॉक्टरांना ही विसंगती खटकली. २४ तासांची लघवी तपासली तर प्रोटीन ३ ग्रॅम, आणि त्यात अल्ब्युमिन नावापुरतं! म्हणून रक्तातली फ्री लाइट चेन तपासणी आणि लघवीतली प्रोटीन वेगवेगळी करून दाखवणारं इलेक्ट्रोफोरेसिस झालंय का, ते आधी विचारा. रक्तात लाइट चेन लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असतील तर अशी बुचं होण्याचा धोका बराच वाढतो.