अनुभव धागा: वाचत असलेल्या पुस्तकाच्या फोटोखाली काय लिहिता?

लालबागची: आज फोनमध्ये जुना फोटो सापडला. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेलं 'वासूनाका', लोकलच्या खिडकीशी धरलेलं. खाली लिहिलं होतं, "अप्रतिम! वाचायलाच हवं." ही ओळ पाककृतीच्या पुस्तकालाही चालली असती. कोणी काही बोललं नाही. मग कथानक सांगत परिच्छेदभर लिहिलं. त्यातल्या दोनच ओळी दिसत होत्या, त्यात फक्त भाऊ पाध्ये आणि १९६५ साल. शेवटी सगळं पुसून लिहिलं: "यातली पोरं बोलतात तसं आमच्या नाक्यावर अजून ऐकू येतं. जिन्यात थांबून वाचलं." त्या रात्री ऑफिसातल्या एका ताईंचा मेसेज आला, "बोलीतलं आवडतं का तुला? माझ्याकडे आहेत, आणते." मला काय आवडतं ते मी कुठेच लिहिलं नव्हतं, तरी त्यांना कळलं. तुमचं सांगा.

गोरेगावकर: १२५ अक्षरंच चालतात ना इन्स्टाला? म्हणून मी नुसतं नाव टाकतो.

दादर पूर्व: नाही हो, २२०० पर्यंत चालतात. पण सुरुवातीचं थोडंच दिसतं, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणून पहिली ओळ महत्त्वाची. मुखपृष्ठावर नाव दिसतंच आहे, ते पहिल्या ओळीत पुन्हा नको. पण नाव आणि लेखक शेवटी लिहाच. फोटोतली अक्षरं ज्यांना दिसत नाहीत, त्यांचा फोन लिहिलेलं वाचून दाखवतो. माझा भाऊ तसाच ऐकतो.

चर्नी रोड: पुस्तकातलंच एक वाक्य टाकावं, आवड आपोआप कळते.

माहीमची: जपून गं. मी एकटेपणावरचं वाक्य टाकलं, अवतरणचिन्हं विसरले. मावशीचा रात्री अकराला फोन, "घरी सगळं ठीक आहे ना?" तेव्हापासून कुठल्या पानावर आहे तेही लिहिते.

चर्नी रोड: अगं बाई! तरीपण मी वाक्यच टाकणार. माझ्या शब्दांत सांगायला गेले की परीक्षण होतं.

कांजूरवाला: फोटो खिडकीपाशी काढा, ट्यूबलाइटखाली कव्हर चमकतं. आणि पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, त्यावर काय करता?

दादर पूर्व: कोरड्या फडक्यानं पुसून पंख्याखाली उभी ठेवा, पानं उघडी. पुसताना तोंडाला रुमाल बांधा. कपाट भिंतीला चिकटवू नका.

गोरेगावकर: अर्धंच वाचलेलं असेल तर? मी एकदा "शेवट भारी" लिहिलं. मित्रानं शेवटाबद्दल विचारलं, मी चाळिसाव्या पानावर.

लालबागची: मग चाळिसाव्या पानावर काय आवडलं तेच लिहा ना. कुठे थांबलात त्यावरूनच तुमची आवड कळते. उतरते, परळ आलं.

माहीमची: त्या ताईंनी कुठली पुस्तकं आणली, ते सांग आधी!