सूज असताना वजनातली घट कशी धरायची?

"पेशंटचं वजन ६० वरून ५७.५ झालंय. घट ५ टक्क्यांच्या आत आहे, मग कुपोषण नाही म्हणायचं का?"

नाही, आधी पायांची सूज बघा. घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहत असेल, तर काट्यावर पाण्याचंही वजन येतंय. सूज उतरल्यावर समजा ५३ किलो भरलं, तर घट ७ किलो. भागायचं नेहमीच्या ६० ने, आजच्या वजनाने नव्हे. म्हणजे सुमारे ११.७ टक्के. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त घट कुपोषण ठरवण्याच्या ग्लिम निकषांत तीव्र गटात जाते.

पण नुसत्या घटीवर निदान होत नाही. स्नायू झडणं हेही शरीरावरचंच लक्षण, त्यामुळे ही दोन मिळूनही एकच बाजू भरते. दुसरी बाजू कारणाची: खाणं घटणं किंवा आजाराचा दाह. "जेवण बरं आहे" यावर थांबू नका, भाकऱ्या मोजून विचारा. खानापूर-निपाणीकडे घरचे लगेच सांगतात: चाराच्या दोन झाल्या, तीन आठवडे झाले. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली खाण्यातली कुठलीही घट पुरते.

सुजेत पोटरीचं माप फसवं येतं. कानशिलं, गळ्याचं हाड आणि अंगठा-तर्जनीमधला स्नायू चाचपा. जुनं वजन माहीत नसेल, तर करदोडा किती सैल झालाय ते विचारा. त्यावरून टक्केवारी मात्र काढू नका.