अॅडमिनने मेसेज उडवला, पण गुन्हेगार मीच ठरलो!

हिशेबी_माणूस: आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, ६० जण. स्नेहसंमेलनाच्या खर्चाची तीन बिलं कुठे आहेत, एवढंच मी रात्री विचारलं. सकाळी बघतो तर मेसेज गायब आणि तिथे अॅडमिनच्या नावासकट 'डिलीट केला' अशी ओळ. दिवसभर लोक मलाच विचारतायत, "काय रे, असं काय टाकलं होतंस?" दुसऱ्याचं बोलणं पुसायचा अधिकार अॅडमिनला असावा का?

निवडुंग: असावाच. मी दोन ग्रुप सांभाळते. पहाटे कुणीतरी लॉटरीची लिंक टाकतो आणि चार जण त्यावर बोट ठेवून मोकळे होतात. २०२२ च्या आधी अॅडमिनच्या हातात काहीच नव्हतं. फार तर त्या माणसाला ग्रुपमधून काढायचं, पण त्याचे मेसेज तसेच राहायचे. आता निदान लिंक उडवता येते. तुमच्या अॅडमिनने तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मान्य. पण म्हणून अधिकारच नको?

बोरूबहाद्दर: अधिकार कसला, दादागिरी आहे ही! अॅडमिनने एकदा उडवलं की सगळ्यांच्या फोनमधून सगळं साफ. पुरावा संपला. हिशेबी, विसरा आता ती बिलं.

कातरवेळ: एवढं काही साफ होत नाही हो. मेसेज कुठल्या एका वहीत नसतो, प्रत्येकाच्या फोनवर त्याची वेगळी प्रत असते. अॅडमिन उडवतो म्हणजे त्या सगळ्या फोनना 'हे काढा' असा निरोप जातो. तो पोचेपर्यंत ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं. एखाद्या फोनवर तो अमलात आलाच नाही, तर ते अॅडमिनला कळतसुद्धा नाही. कुणी आधीच पुढे पाठवलं असेल तर ती प्रत शाबूत. फोटो असेल तर तो गॅलरीत उरू शकतो.

हिशेबी, तुमच्या मेसेजला कुणी उत्तर दिलं होतं का? म्हणजे मेसेज बाजूला सरकवून, वर तुमच्या ओळी दिसतील असं?

हिशेबी_माणूस: थांबा, बघतो.

दिलं होतं! एका मैत्रिणीनं रात्रीच "बरोबर विचारलंस" लिहिलं होतं. त्या उत्तराच्या वरच्या चौकटीत माझं वाक्य अजून आहे: "तीन बिलं कुठे आहेत, कुणी"... पुढचं तुटलंय, पण बिलं शब्द दिसतोय.

कातरवेळ: मग तोच तुमचा साक्षीदार. त्या उत्तरालाच उत्तर द्या, सगळ्यांची नजर वर जाईल.

पोपटपंची: माझा पण प्रॉब्लेम आहे. मी बायकोला पाठवायचा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि 'फक्त माझ्यासाठी' डिलीट केला. आता मला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतोय. काय करू?

निवडुंग: अहो, इथे अॅडमिनचं चाललंय! पण तुमच्या अॅडमिनला लगेच फोन करा, तो सगळ्यांसाठी काढू शकेल. फार जुना झाला की तोही पर्याय जातो. (बघा, आला ना अधिकार कामाला!)

बोरूबहाद्दर: चौकट उरली ती नशिबानं. हिशेबीच्या मेसेजला कुणी उत्तरच दिलं नसतं तर? ती ओळ फक्त कोणी उडवला ते सांगते. काय होतं आणि का उडवलं, ते नाही. मग लोक आपापल्या मनाचं भरतात. बाईमाणसांच्या ग्रुपवर तर थेट 'घाण काहीतरी टाकलं असेल' इथवर जातात.

कातरवेळ: हा मुद्दा खरा आहे. पण ओळ नसती तर? टेलिग्रामवर अॅडमिनने मेसेज काढला की मागे काहीच उरत नाही, सभासदांना पत्ताही लागत नाही. त्याची नोंद Recent Actions मध्ये ४८ तास दिसते, तीही अॅडमिन मंडळींनाच. इथे अॅडमिनला किमान स्वतःचं नाव तरी लपवता येत नाही. शिवाय उडवलेला मेसेज परत आणायची सोय त्यालाही नाही. चुकला तर चुकला.

निवडुंग: मी मेसेज उडवला की त्याखालीच लगेच लिहिते, "लॉटरीची लिंक होती, काढली." दहा सेकंदांचं काम आहे.

बोरूबहाद्दर: तुम्ही लिहिता. यांच्या अॅडमिनने लिहिलं असतं का, "बिलांचा प्रश्न होता, काढला"?

हिशेबी_माणूस: मैत्रिणीच्या उत्तराला उत्तर टाकलं. पाच मिनिटांत अकरा जणांनी अंगठा दिला. अॅडमिनने वाचलंय, नाव दिसतंय. अजून गप्प आहे. आणि हो, हे पण उडवलं तर दुसरी ओळ येईल, त्याच्याच नावाची.