क्रेडिट नोट म्हणजे वसुली नव्हे

"माल परत आला, तरी एजंटला पूर्ण बिलावर कमिशन कसं काय निघतं?"

क्रेडिट नोट बिलाला लावली की थकबाकी शून्य होते आणि कमिशनचा रिपोर्ट ते बिल पूर्ण वसूल झालं असं धरतो. भोसरीत आमच्याकडे हेच झालं. बिल १,१८,००० चं, त्यात जीएसटी १८,०००. पार्टीने ९४,४०० भरले, २३,६०० चा माल परत केला. दोन टक्क्यांनी १,६०० निघायला हवे होते, एजंटच्या खात्यात २,००० जमा झाले! म्हणून बिल 'पेड' दिसतंय का, ते बघूच नका. बिलाला लागलेल्या फक्त बँक आणि रोख पावत्यांची रक्कम घ्या, जीएसटी १८ टक्के असेल तर तो वगळायला १.१८ ने भागा आणि त्यावर टक्के काढा. सगळे पैसे आल्यावर माल परत आला, तर क्रेडिट नोटच्या महिन्यात उणे कमिशन टाका. मागचा महिना उघडू नका, त्याचा टीडीएस भरून झालेला असतो.