आधी नोम सॉर्ट शिकवावा की इन्सर्शन सॉर्ट?

कारेलीबागची_ताई: बडोद्यात पहिल्या वर्षाच्या मुलांची शिकवणी घेते. इन्सर्शन सॉर्टमध्ये लूपच्या आत लूप आला की निम्म्या वर्गाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नोम सॉर्टला एकच लूप, एकच `i`. मग आधी हाच का शिकवू नये?

```python
i = 0
while i < len(a):
    if i == 0 or a[i] >= a[i-1]:
        i += 1
    else:
        a[i], a[i-1] = a[i-1], a[i]
        i -= 1
```

रावपुरा_९८: खुशाल शिकवा. अदलाबदली दोन्हींत तेवढ्याच होतात, म्हणजे वेगही सारखाच. नुसता नावाचा फरक.

जुना_कोडर: अदलाबदलींचं बरोबर आहे, वेगाचं नाही. १२, १५, १८, २१, १० घ्या. १० ला चार जणांना ओलांडून पुढे यायचंय. इन्सर्शन सॉर्ट १० बाजूला काढून ठेवतो, चौघांना एकेक घर मागे सरकवतो आणि मोकळ्या जागी १० ठेवतो. एकूण ७ तुलना. नोम एकेक पाऊल मागे येत १० ला पहिल्या जागी बसवतो, इथवर तोही सातच तुलना करतो. पण नंतर तो तिथून परत टोकापर्यंत चालत जातो आणि वाटेत १२ पाशी, १५ पाशी, १८ पाशी, २१ पाशी थांबून 'बरोबर आहे ना?' विचारतो. आत्ताच तर स्वतःच्या हाताने लावलंय! झाल्या ११ तुलना. शिवाय अदलाबदलीत दर वेळी दोन जागी लिहावं लागतं, सरकवण्यात एकाच.

उलट्या क्रमातले १००० आकडे दिले तर नोमच्या लूपचे बरोबर १० लाख फेरे होतात. इन्सर्शनला ४,९९,५०० तुलना पुरतात.

कुंडीवाले_काका: मला तुमचं कोड-बिड कळत नाही, मुलगा वाचून दाखवतो. गच्चीत २२ कुंड्या आहेत, उंचीने लावतो. मोगऱ्याची कुंडी जड, उचलवत नाही, म्हणून शेजारचीशी जागा बदलत बदलतच मागे आणतो. पण ती बसली की मी सरळ जिथून आलो तिथे परत जातो. मधल्या कुंड्या पुन्हा कशाला बघू?

जुना_कोडर: काका, तुम्ही नोमपेक्षा शहाणे! नोम म्हणजे मूळ गोष्टीत डच बागेतला बुटका, कुंड्याच लावत असतो. डिक ग्रून यांनी ते नाव दिलं. त्याआधी २००० साली हमीद सरबाझी-आझाद यांनी हीच रीत 'स्टुपिड सॉर्ट' म्हणून मांडली होती. ताई, काकांसारखं 'कुठून निघालो' हे दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंत की परतीची पायपीट वाचते. पण मग तो अदलाबदलीने केलेला इन्सर्शन सॉर्टच झाला, आणि तुमचा 'एकच `i`' गेला.

पाटील_पो: माझ्याकडे लिनक्सवर GNOME आहे. त्यात फायली तारखेप्रमाणे लावल्या तरी फोल्डर आधी दिसतात. ते कुठे बदलायचं?

रावपुरा_९८: @पाटील_पो भाऊ, हा तो नोम नाही 😀

कारेलीबागची_ताई: फेऱ्यांचं पटलं, पण माझ्या वर्गात ८ आकड्यांच्या वर कोणी जात नाही. खरी गंमत काल झाली. एका मुलाचा प्रोग्राम थांबेचना. मी `i` छापायला लावला तर पडद्यावर १, ०, १, ०, १, ० चाललेलं. आकडे होते ५, ५, ३. त्याने `>=` च्या जागी `>` लिहिलं होतं.

जुना_कोडर: हेच म्हणत होतो! दोन ५ शेजारी आले, 'मोठा नाही' म्हणून त्यांची अदलाबदल झाली, `i` मागे गेला, पुढे आला, पुन्हा तेच दोन ५. जन्मभर चालेल. इन्सर्शन सॉर्टमध्ये हीच चूक केली तर समान आकड्यांचा आपसातला क्रम उलटतो, पण प्रोग्राम संपतो, कारण बाहेरचा लूप काही झालं तरी पुढेच सरकतो. एकच `i` मागेपुढे करणार असेल, तर तो शेवटाला पोचेल याची हमी कोण देणार? नवशिक्याच्या हातात असं देऊ नये.

कारेलीबागची_ताई: मला उलटं वाटतं. इन्सर्शनमध्ये ही चूक नुसते आकडे लावताना दिसलीच नसती, ५ आणि ५ कोणी ओळखणार? इथे ती दुसऱ्याच मिनिटाला पकडली, आणि ती का झाली हे त्या मुलानेच फळ्यावर सांगितलं.

जुना_कोडर: आणि तो दुसरा लूप? तो कधी शिकवणार?

कारेलीबागची_ताई: पुढच्या मंगळवारी. काकांच्या कुंड्या घेऊन. काका, चालेल ना?

कुंडीवाले_काका: मोगरा सोडून काहीही न्या.