वरुडचे दोन फ्लॅट : गुणतक्त्यात गफलत कुठं?

"पहिला 27 लाख, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसरा 28 लाख, तळमजला. स्वस्ताला 10, महागाला 1 गुण दिला. तक्त्यात पहिला जिंकला, पण आईचे गुडघे दुखतात. काय चुकलं?"

भाऊ, गफलत किमतीच्या गुणात आहे. एका लाखाच्या फरकाला तुम्ही 9 गुण दिले. भारांक, म्हणजे कशाला किती महत्त्व, किंमत 40, पाणी 30, जिना 30 धरा. पहिल्याला पाण्याचे 6 नि जिन्याचे 2, दुसऱ्याला दोन्हींत 8. गुणांना भारांकानं गुणलं, की तुमच्या पद्धतीनं बेरीज 640 विरुद्ध 520.

फ्लॅट पाहायच्या आधीच पट्टी ठरवा: 25 लाखांना 10 गुण, 30 लाखांना शून्य, म्हणजे अर्ध्या लाखाला एक गुण. आता किमतीचे गुण 6 आणि 4, बेरीज 480 विरुद्ध 640. निकाल उलटला! किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी, पार्किंग सगळं धरा, नाहीतर पट्टीच खोटी.

मग भारांक हलवून पाहा. एकूण भार 100 च ठेवून उरलेला पाणी-जिन्यात समान वाटला, तर किमतीचा 66 च्या वर नेल्यावरच पहिला पुढं येतो. म्हणजे निकाल पक्का. दोन-चार अंकांनी उलटला असता, तर दोघे बरोबरीत समजायचे.

पाण्याचे गुण मात्र मे महिन्यात द्या. वरुड-मोर्शीकडं बोअर खोल गेलेत, दिवाळीतलं पाणी फसवतं. आणि आईला तीन जिने चढवतच नसतील, तर तिथं गुण कशाला? तो फ्लॅट तक्त्यात घेऊच नका, कारण स्वस्ताईचे गुण ती अडचण झाकून टाकतात.